तीन महिन्यांची श्रीमंती

महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी दोन परीक्षा होतात. पहिली उमेदवार देतो, दुसरी त्याची फाइल देते. पहिलीला अभ्यासक्रम असतो, उत्तरतालिका असते, उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत घेण्याची सोय असते आणि त्या हरकतीला फीसुद्धा असते, म्हणजे सगळं कसं रीतसर. दुसरीत गुणच नसतात. टेबलामागच्या माणसाने काही न बोलता पान उलटलं की पास. तो थांबला, चष्मा कपाळावर चढवला आणि शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "सर, हे जरा बघता का?", तर काय ते समजून जावं.

पोरं या दुसऱ्या परीक्षेला डीव्ही म्हणतात. जिल्ह्याच्या गावी, एखाद्या सभागृहात, सकाळी दहाची वेळ दिलेली असते आणि साडेआठपासून बाहेर झेरॉक्सवाल्याचा धंदा जोरात असतो. मुलांच्या हातात प्लास्टिकची फाइल. तिच्यात दहावीचं प्रमाणपत्र, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, अधिवास, जातीचा दाखला, नॉन क्रीमीलेअर, एमएससीआयटी, आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. हे शेवटचं फार गोड असतं. बावीस वर्षांचा, लग्नाचा विचारही परवडत नसलेला मुलगा, 2005 च्या नियमांना स्मरून शासनाला लिहून देतो की माझ्या हयात अपत्यांची संख्या शून्य आहे. शासन ते वाचून समाधान पावतं. लेखी परीक्षेत पहिला आलेला मुलगाही हा शून्य भरायला विसरला, की त्रुटीच्या यादीत.

आता एक गैरसमज आधीच काढून टाकू. पडताळणी म्हणजे खऱ्याखोट्याचा शोध, असं पालकांना वाटतं. तसं काही नाही. 2024 च्या जुलैत पुण्यातल्या एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याचं प्रकरण देशभर गाजलं आणि यूपीएससीने त्यांची उमेदवारी रद्द केली. त्या वेळी आयोगाने एक पत्रक काढलं. मला ते प्रकरणापेक्षा जास्त आवडलं. आयोग म्हणाला, आम्ही प्रमाणपत्रांची फक्त प्राथमिक छाननी करतो. सक्षम अधिकाऱ्याने दिलंय का, कोणत्या वर्षाचं आहे, तारीख काय, खाडाखोड आहे का, नमुना बरोबर आहे का, एवढंच. हजारो प्रमाणपत्रांचा खरेपणा तपासण्याचा अधिकारही आमच्याकडे नाही आणि साधनंही नाहीत. देशातल्या सगळ्यात अवघड परीक्षेच्या मालकांनी हे लेखी दिलं. म्हणजे कागद खोटं बोलत असला तरी चालेल, फक्त त्याने शिस्तीत, योग्य नमुन्यात आणि मुदतीत बोलावं. उलट, कागद खरं बोलत असेल पण तीन आठवडे उशिरा, तर त्याचं कोणी ऐकत नाही.

या दुसऱ्या प्रकारातली मुलं कोणाच्या बातमीत येत नाहीत. म्हणून आज त्यांच्यातल्या एकीची फाइल उघडू. तारखा आणि गुण मी नमुन्यादाखल मांडले आहेत. गोष्ट मात्र दर भरतीत, दर जिल्ह्यात घडते.

मुलगी इतर मागास प्रवर्गातली. वडिलांचं तालुक्याच्या गावात शिवणकामाचं दुकान, वर्षाचं उत्पन्न लाखाच्या आत. नॉन क्रीमीलेअरची मर्यादा 2017 पासून आठ लाख आहे, त्यामुळे या घराचा आणि क्रीमचा संबंध चहाच्या दुधापुरता. मुलीकडे प्रांतांच्या सहीचं नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र आहे. जून 2021 मध्ये काढलेलं. तेव्हा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला जोडला होता म्हणून ते तीन वर्षांचं मिळालं. एका वर्षाचं उत्पन्न दाखवलं तर एका वर्षाचं मिळतं. खाली छापलंय, 31 मार्च 2024 पर्यंत वैध.

जाहिरात आली मार्च 2024 च्या पहिल्या पंधरवड्यात. अर्जाची अंतिम तारीख 8 एप्रिल. मुलीने 20 मार्चला सेतू केंद्रात बसून अर्ज भरला. पडद्यावर प्रश्न आला, नॉन क्रीमीलेअर प्रमाणपत्र आहे का? तिने 'होय'वर टिचकी मारली. ती खोटं बोलली का? मुळीच नाही. प्रमाणपत्र फाइलमध्ये होतं, जिवंत होतं, अजून अकरा दिवसांचं आयुष्य शिल्लक होतं. पण जाहिरातीच्या चौदाव्या की पंधराव्या पानावर एक वाक्य होतं: प्रमाणपत्र 'अर्ज स्वीकारण्याच्या अंतिम दिनांकास' वैध असावे. अर्ज भरल्याच्या दिवशी नव्हे, परीक्षेच्या दिवशी नव्हे, पडताळणीच्या दिवशीही नव्हे. अंतिम दिनांकास. 8 एप्रिलला तिच्याकडे जे होतं ते आठ दिवसांपूर्वी वारलेलं होतं.

मग तिने 1 एप्रिलला लगेच नवीन का नाही काढलं, असं विचारणारे काका प्रत्येक घरात असतात. काका, त्याची रीत ऐका. नव्या आर्थिक वर्षात नवं प्रमाणपत्र हवं तर नुकत्याच संपलेल्या वर्षाचंही उत्पन्न दाखवावं लागतं. ते वर्ष संपतं 31 मार्चला. त्यानंतर तलाठ्याचा अहवाल, त्यावर तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, तो जोडून प्रांत कार्यालयात अर्ज, तिथे एक टेबल, दुसरं टेबल, मग डिजिटल सही. हे सगळं आठ दिवसांत, त्यात गुढीपाडवा तोंडावर. आणि 2024 चा एप्रिल म्हणजे लोकसभेचा. तलाठ्यापासून प्रांतापर्यंत सगळे मतदान केंद्रांच्या याद्यांत बुडालेले. लोकशाहीचा उत्सव चालू असताना एका शिंप्याच्या पोरीचा उत्पन्नाचा दाखला कोण काढणार?

खरा मार्ग एकच होता, आणि तो जुन्या, चार भरत्या खाल्लेल्या मुलींना माहीत असतो. फेब्रुवारीतच जायचं. जुनं प्रमाणपत्र जिवंत असतानाच, आधीच्या तीन वर्षांच्या उत्पन्नावर नवीन काढून घ्यायचं, म्हणजे एप्रिलच्या आत-बाहेर काही भानगड राहत नाही. पण सेतूवाला विचारतो, "ताई, चालू आहे ना अजून? मग कशाला पैसे घालवता?" आणि ताई परत जातात. सेतूवाल्याचं बरोबरच आहे. गॅस सिलिंडर संपायच्या आधी दुसरा लावत नाही आपण.

नवीन प्रमाणपत्र मिळालं 3 जुलैला. 31 मार्च 2027 पर्यंत वैध. मुलगी निश्चिंत झाली. सप्टेंबरात परीक्षा दिली. दोनशेपैकी 158 गुण. इतर मागास प्रवर्गातल्या महिलांची यादी 150 वर थांबली. ती आत आली, नुसती आत नाही, सुरक्षित आत. डिसेंबरात पडताळणीचं बोलावणं.

टेबलामागच्या माणसाने दोन्ही प्रमाणपत्रं शेजारी शेजारी ठेवली. एक 31 मार्चला संपतं, दुसरं 3 जुलैला सुरू होतं. मधल्या तीन महिन्यांवर त्याने बोट ठेवलं.

"ताई, हे मधलं?"

"मधलं काय सर?"

"या काळातलं प्रमाणपत्र."

"या काळात काय वेगळं झालं नाही सर. दुकान तेच आहे."

"ते मला कळतं. पण कागद?"

आता जरा त्या नव्या प्रमाणपत्राच्या पोटात बघू. ते कोणत्या वर्षांच्या उत्पन्नावर दिलंय? 2021-22, 2022-23 आणि 2023-24. म्हणजे 31 मार्च 2024 पर्यंतची तीन वर्षं. राज्य शासनाचाच उपविभागीय अधिकारी शासनाच्या शिक्क्याने सांगतोय की या तीन वर्षांत हे कुटुंब उन्नत गटात नव्हतं. नॉन क्रीमीलेअर हा प्रकारच मुळात मागल्या उत्पन्नावर ठरतो. 8 एप्रिल 2024 या दिवशी ती क्रीमीलेअरमध्ये होती की नाही, याचं उत्तर ज्या तीन वर्षांच्या हिशोबात दडलंय, तो हिशोब त्या 3 जुलैच्या कागदात पूर्ण लिहिलेला आहे. फक्त कागद छापला गेला नंतर. तरी शासनाचं अधिकृत मत असं की हे शिंपी 31 मार्चपर्यंत गरीब होते, 3 जुलैपासून पुन्हा गरीब झाले, आणि मधले तीन महिने, कोण जाणे, बहुधा मर्सिडीजमधून फिरत होते.

यादी लागली. तिच्या नावापुढे शेवटच्या रकान्यात अर्धी ओळ: 'अंतिम दिनांकास वैध नॉ.क्री. नाही. अपात्र.'

ही अपात्रता कुठे नेऊन टाकते तेही पाहू. मागास प्रवर्गाचा दावा गेला की उमेदवार अराखीव गटात जातो. तिथे महिलांची यादी थांबली 164 वर. तिचे 158. गेली. गंमत अशी की अराखीव महिलांच्या जागांसाठी पूर्वी नॉन क्रीमीलेअर लागायचं; 4 मे 2023 च्या शासन निर्णयाने ती अट काढून टाकली. म्हणजे ज्या रांगेत कागद लागत नाही तिथे सहा गुण कमी पडले, आणि ज्या रांगेत आठ गुण जास्त होते तिथे कागद कमी पडला. सहा गुण मिळवायला सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एक हिवाळा घालवता येतो. गेलेल्या एप्रिलचा कागद मिळवायला कुठली अभ्यासिका आहे, मला माहीत नाही.

इथवर वाचून तुम्ही टेबलामागच्या माणसाला शिव्या घालायला लागला असाल, तर जरा थांबा. त्याचीही बाजू आहे, आणि ती पोकळ नाही. यादीत तिच्या खाली 149 गुणांवर आणखी एक मुलगी आहे. प्रतीक्षा यादीत पहिली. तिचं प्रमाणपत्र 8 एप्रिलला वैध होतं, कारण ती फेब्रुवारीत गेली होती. टेबलाने डोळेझाक केली तर दुसऱ्या दिवशी तिची हरकत येते, तीही वकिलाच्या लेटरहेडवर. शिवाय एक अशी मुलगी असेल जिने जाहिरातीतलं ते वाक्य वाचलं, आपल्याकडे 8 एप्रिलला वैध कागद नसेल हे ओळखलं, आणि प्रामाणिकपणे अर्जच केला नाही. नियम सैल केला तर तिचं काय? हा प्रश्न न्यायालयंही विचारतात, आणि त्याला सोपं उत्तर नाही. मुदत ही सगळ्यांना सारखीच छळते, एवढाच तिचा न्याय.

तर न्यायालयांकडे जाऊ. तिथे दोन वारे वाहतात आणि उमेदवाराला कोणता लागेल ते त्याच्या चुकीच्या जातीवर ठरतं.

पहिला वारा बिहारचा. पोलीस शिपाई भरतीतला एक तरुण. सायबर कॅफेत अर्ज भरताना जन्मतारीख 18 डिसेंबर 1997 ऐवजी 8 डिसेंबर 1997 पडली. एक आकडा गळाला. लेखी झाली, शारीरिक झाली, पडताळणीत प्रमाणपत्रावर 18 दिसली आणि गडी बाद. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 2024 च्या जानेवारीत निकाल आला तो त्याच्या बाजूने. न्यायालयाचा मुद्दा साधा होता: या चुकीने त्याला काही फायदा झाला का? दोन्ही तारखांनी तो वयात बसत होता. दहा दिवस मोठं होऊन त्याने कोणाचं काही हिरावलं नाही. चूक क्षुल्लक, नेमणूक द्या.

दुसरा वारा दिल्लीचा, थंड. नागरी सेवा परीक्षा 2022 मधले आर्थिक दुर्बल घटकातले काही उमेदवार. त्यांचे दाखले ठरलेल्या वर्षाचे, ठरलेल्या तारखेच्या आतले, ठरलेल्या नमुन्यातले नव्हते. ऑक्टोबर 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ज्या कागदाच्या आधारे तुम्ही आरक्षण मागता, तो कागद अंतिम तारखेला, ठरलेल्या नमुन्यात हातात हवा. नाही तर नाही. बिहारच्या निकालाच्या खंडपीठावर जे दोन न्यायमूर्ती होते, तेच दोन याही खंडपीठावर होते. म्हणजे न्यायाधीश बदलले म्हणून न्याय बदलला, अशी सोयीची तक्रारही करता येत नाही.

फरक कुठे आहे? जन्मतारखेची चूक टंकनाची होती. खरी तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर पहिल्यापासून होती, दाव्याला धक्का नव्हता. आरक्षणाच्या दाखल्याच्या बाबतीत मात्र कागद हाच दावा. तो त्या दिवशी नसेल तर दावाच त्या दिवशी नव्हता, असं धरलं जातं. आमच्या शिंप्याच्या मुलीला म्हणायचंय की तिची गरिबी त्या दिवशी होती, पुरावा तेवढा नंतर आला. 2016 मध्ये दिल्लीच्या परिचारिका भरतीतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने उशिरा दिलेला ओबीसी दाखला मान्य केला होता. पण त्या भरतीत दाखल्याच्या अंतिम तारखेची अट जाहिरातीत नव्हतीच, निकाल लावताना घुसवली होती. पुढे ज्यांनी त्या निकालाचा आधार घेतला, त्यांना विचारलं गेलं, तुमच्या जाहिरातीत अट होती ना? मग बसा. म्हणून लढायचं की नाही हे ठरवण्याआधी जाहिरातीचं ते पंधरावं पान वाचायचं. अट पहिल्या दिवसापासून छापलेली असेल, तर वकील फी घेईल, पण मान हलवत घेईल. अट मोघम असेल, नंतर शुद्धिपत्रकाने आली असेल, किंवा एका टेबलावर चाललेला कागद दुसऱ्यावर अडला असेल, तर दम आहे. राज्य सरकारचं पद असेल तर मॅटमध्ये, जिल्हा परिषदेचं असेल तर उच्च न्यायालयात, आणि तेही नेमणूकपत्रं वाटून व्हायच्या आत. एकदा ती 149 वाली रुजू झाली की न्यायालयालाही तिला उठवणं जड जातं. त्याआधी अपात्रतेचं कारण लेखी मागून घ्यायचं. टेबलावर तोंडी सांगितलेलं कारण नंतर कोणालाच आठवत नाही.

याच राज्यातलं दुसरं टोक दाखवल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे जातीचा दाखला आणि जात वैधता या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. 1994 मध्ये महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रवेशाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्यांची चौकट घालून दिली, पुढे राज्याने कायदा केला. तरीही हजारो लोक वैधता न मिळवता राखीव जागांवर वर्षानुवर्षं नोकरी करत राहिले. 2017 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, दावा अवैध ठरला की नोकरीचं संरक्षण नाही. मग शासनाने काय केलं? डिसेंबर 2019 मध्ये अशा लोकांसाठी अधिसंख्य पदं निर्माण केली. म्हणजे जास्तीची खुर्ची. आधी अकरा महिन्यांसाठी, मग पुढे मुदतवाढ. त्यातले सगळे लबाड होते असं मी म्हणत नाही. पणजोबांच्या नोंदीत कारकुनाने जे लिहिलं त्यावर माणसांची आयुष्यं लटकली होती, आणि वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्याला रस्त्यावर काढणं सोपं नसतं. पण हिशोब मांडून बघा. ज्याचा जातीचा दावाच समितीने अमान्य केला, त्याला जास्तीची खुर्ची. जिच्या जातीबद्दल, वैधतेबद्दल, गरिबीबद्दल कोणाचीच शंका नाही, फक्त दोन कागदांत फट आहे, तिला स्टूलसुद्धा नाही. कारण उघड आहे. पहिला आत होता, दुसरी दारात.

तारखेनंतर नंबर लागतो नावाचा. मुलगा असाल तर तुमची अडचण स्पेलिंगची: दहावीच्या प्रमाणपत्रावर 'विश्वनाथ'मध्ये डब्ल्यू, आधारवर व्ही, एकावर आडनाव आधी, दुसऱ्यावर नंतर. हे बहुतेक वेळा हमीपत्रावर निभावतं. मुलगी असाल आणि मधल्या काळात लग्न झालं असेल, तर मात्र फाइलमध्ये दोन बायका राहतात. दहावी, पदवी, जातीचा दाखला माहेरच्या नावाने. आधार, पॅन, अधिवास सासरच्या. नॉन क्रीमीलेअर तर माहेरचंच लागतं, कारण ते आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरतं, नवऱ्याच्या नाही. पण अनेक ठिकाणी ते काढताना आधार जोडलं जातं, म्हणून छापून येतं सासरच्या नावाने. मग जातीचा दाखला एकीचा, नॉन क्रीमीलेअर दुसरीचं, आणि खुर्चीत बसलेली तिसरीच. यावर उतारा म्हणजे विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, आणि नाव खरोखर बदललं असेल तर राजपत्र. लग्नपत्रिका चालत नाही, हे सांगावं लागतं, कारण लोक ती आणतात.

शेवटच्या क्षणी मग कोणी तरी म्हणतं, 'दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र करा. स्टॅम्प पेपर आणायला माणूस धावतो. सरकारी दाखल्यांसाठी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांना मुद्रांक शुल्क माफ आहे, शासनाने हे परत परत सांगितलंय. पण सभागृहाच्या बाहेर जो स्टॅम्पवाला बसतो, त्याला ते कळलेलं नाही आणि कळवून घ्यायची घाईही नाही.

आमची शिंप्याची मुलगी आता काय करते? तिने केंद्राच्या भरतीचा अर्ज भरलाय. नवं प्रमाणपत्र 2027 पर्यंत आहे, त्यामुळे ती पुन्हा निश्चिंत आहे. तिला अजून कोणी सांगितलेलं नाही की केंद्राच्या नोकरीला केंद्राच्या नमुन्यातला ओबीसी दाखला लागतो, जात केंद्राच्या यादीत असावी लागते, आणि राज्याच्या नमुन्यातला कागद तिथे चालत नाही. उत्तर प्रदेशच्या पोलीस भरतीत एकाने याच्या उलट केलं, राज्याच्या भरतीला केंद्राच्या नमुन्यातला दाखला दिला, आणि 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्याला दारातूनच परत पाठवलं. जात तीच, माणूस तोच, फक्त वरचा मथळा वेगळा. तिने आत्ताच प्रांत कार्यालयात जाऊन दुसरा नमुना काढून घ्यावा. सेतूवाला विचारेलच, "ताई, चालू आहे ना अजून? मग कशाला?" त्याला उत्तर देऊ नये. पैसे द्यावेत.

आणि आता पुढच्या पिढीची सोय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, असा क्रम राज्याने सक्तीचा केला आहे. निर्णय चांगला आहे, उशिरा झाला. ही मुलं 2042 साली अठरा वर्षांची होतील. जन्मदाखल्यावर चार शब्दांचं नाव, जातीच्या दाखल्यासाठी जोडलेल्या आजोबांच्या नोंदीत तीन शब्दांचं, आणि केंद्राच्या अर्जात तीनच चौकोन. टेबलामागे तेव्हा जो बसेल तो आज शाळेत आहे. चष्मा त्यालाही लागेलच.